स्टँडबायच्या रात्री कॉल आला तर पैसे कसे मोजायचे?

प्रश्न: मी लिफ्ट टेक्निशियन आहे. रात्री ९ ते सकाळी ७ स्टँडबाय, पाव दराने. मध्ये कॉलवर गेलो तर पूर्ण दर. पण पगारात कमी पैसे आले. हिशेब कसा धरतात?

उत्तर: सगळी मेख कॉलचं घड्याळ कधी सुरू होतं यात आहे.

समजा तुमचा दर तासाला २०० रुपये, म्हणजे स्टँडबायचे ५०. रात्री दीडला फोन आला, घाटकोपरहून टॅक्सीने परळला अडीचला पोहोचलात (त्या वेळी लोकल कुठली!), साडेतीनला काम संपलं, साडेचारला घरी. फोन ते घर धरलं तर कॉलचे ३ तास: ६०० रुपये, आणि उरलेल्या ७ तासांचे ३५०. एकूण ९५०. पण ऑफिसने फक्त साइटवरचा तास धरला, तर २०० अधिक ९ तासांचे ४५०, म्हणजे ६५०. हे ३०० रुपये निव्वळ प्रवासात गेले. माझ्या मते तुमचं नेमकं इथेच अडलं असणार.

कॉलच्या तासांत स्टँडबाय सहसा थांबतो, दोन्ही एकदम मिळत नाहीत. तेही नेमणूकपत्रात बघा, कारण स्टँडबायचा दर तिथूनच किंवा करारातून येतो. ओव्हरटाइम मात्र वेगळा: दिवसाच्या कामाचे कमाल तास आधीच भरले असतील, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात येणाऱ्या कामगाराला पुढच्या कामाचा दर दुप्पट.

एचआरकडे त्या रात्रीचा कॉल लॉग मागा. त्यात फोनची वेळ नसून फक्त साइटवरची एन्ट्री असेल, तर चूक सापडली.