रस्ता रखडल्याचा मेसेज: कुणावर न ढकलता कसा लिहायचा

प्रश्न: मी मुलुंड पूर्वेला आमच्या नगरसेविका ताईंच्या ऑफिसमध्ये बसतो. आमच्या एका गल्लीत अर्धा रस्ता काँक्रीट होऊन पडलाय आणि अर्धा खणून ठेवलाय. मध्येच पाण्याची जुनी लाईन निघाली आणि काम थांबलं. लोक रोज ऑफिसात येऊन विचारतात. ताईंना साध्या शब्दांत सगळं सांगायचंय, पण खात्यावर नाही आणि कॉन्ट्रॅक्टरवर पण नाही, कुणावरच ढकलायचं नाही. मी लिहिलेलं दोनदा परत आलं, "हे सरकारी पत्रक वाटतंय" म्हणाल्या. कसं लिहू?

उत्तर:

मी बरीच वर्षं अशाच एका ऑफिसात असले मेसेज लिहिलेत त्यामुळे तुझी अडचण कळली. तू बहुतेक "तांत्रिक कारणास्तव काम प्रलंबित असून लवकरच पूर्ण करण्यात येईल" असं काहीतरी लिहिलं असणार. कुणावर ढकलायचं नाही म्हटलं की आपला हात आपोआप या "करण्यात येईल"कडे जातो, कारण त्यात माणूसच नसतो. पण वाचणाऱ्याला ते लपवाछपवीसारखं वाटतं आणि मग तो स्वतःच कुणाला तरी दोषी ठरवतो, बहुतेक वेळा ताईंनाच.

मी एक सोपी युक्ती वापरायचो. जे होऊन गेलंय ते सांगताना वाक्यातला कर्ता वस्तू ठेवायची. म्हणजे लाईन निघाली, पाणी साचलं, माती खचली. आणि जे व्हायचंय ते सांगताना कर्ता खातं किंवा माणूस ठेवायचा, म्हणजे जल खातं लाईन हलवणार, रस्ते खातं थर घालणार, ताई अमुक तारखेला साईटवर जाणार. मागचं सांगताना नाव आलं की तो आरोप होतो, पुढचं सांगताना तेच नाव आलं की ती जबाबदारी होते. "जल खात्याने वेळेत लाईन दाखवली नाही" आणि "लाईन आता जल खातं हलवणार आहे" या दोन्हींत खातं एकच आहे, पण पहिलं वाचून भांडण होतं आणि दुसरं वाचून लोक तारीख विचारतात. आपल्याला तेच हवंय.

आता लिहायच्या आधी एक फेरी साईटवर मार, फोनवर माहिती घेऊ नकोस. तिथल्या दुय्यम अभियंत्याला भेट आणि खड्ड्यात बघ. लाईन किती खोल आहे ते स्वतः बघितलंस की मेसेजचं अर्धं काम होतं. कारण लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो की अरे पाईप निघाला तर निघाला, त्यावरच टाकून द्या की काँक्रीट, एवढं काय. याचं उत्तर मेसेजमध्ये हवंच, आणि ते असं आहे की काँक्रीटचा रस्ता नुसता वरचा पांढरा थर नसतो, खाली खडी दाबून भरतात, त्यावर कमी सिमेंटचा कोरडा थर घालतात (इंजिनिअर त्याला डीएलसी म्हणतात), आणि त्यावर वरचं काँक्रीट, पीक्यूसी, साधारण फूटभर जाडीचं. सगळं मिळून दोन-अडीच फूट जागा लागते. पाईप दीड फुटावर निघाला तर तो बरोब्बर या थरांच्या मधोमध येतो. वरून रोलर फिरला की जुन्या बिडाच्या लाईनचे जोड हलतात, आज नाही तर सहा महिन्यांनी गळायला लागतात, आणि मग तो नवा रस्ता फोडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. "आत्ता थांबलो नाही तर पुढच्या वर्षी हाच रस्ता फोडावा लागेल" एवढं एक वाक्य लोकांना पटतं, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसती एक तारीख देऊ नकोस, हिशोब दे. हिशोब दिसला की लोक चुका काढतात पण रागवत नाहीत. तुझ्या गल्लीचं धरून करू या, आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तू अभियंत्याकडून खरे घे. समज लाईन ६ एप्रिलला सापडली. ती हलवायची, दाब देऊन गळती तपासायची, त्यासाठी एक दिवस पाणी बंद ठेवायचं, असं सगळं धरून २० एप्रिल. मग खडीचा थर आणि डीएलसी घालायला सहा दिवस, २६ एप्रिल. डीएलसीला आठवडाभर पाणी मारून पक्कं होऊ द्यायचं, ३ मे. वरचं काँक्रीट टाकायला चार दिवस, म्हणजे ७ मेला संपलं. आता इथेच खरी गंमत आहे, कारण लोकांना वाटतं संपलं. पण काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. सात दिवसांत ते साधारण दोन-तृतीयांश ताकद धरतं, उरलेलं हळूहळू येतं, आणि सुरुवातीचे दिवस ते सतत ओलं ठेवावं लागतं. ७ मे अधिक २८ म्हणजे ४ जून.

बघितलंस? महापालिका पावसाळ्याआधी कामं उरकण्यासाठी साधारण ३१ मे ही तारीख धरून चालते आणि सगळ्यांना तीच पाठ असते, त्यामुळे मोह होतो की "३१ मेच्या आत" लिहून टाकू. लिहू नकोस. हिशोबात ४ जून येतंय तर "जूनचा पहिला आठवडा" लिही. नंतर अभियंत्याने आधी गाड्या सोडायला हरकत नाही असं सांगितलं तर लोकांना आनंदच होईल. उलट झालं तर ताईंना १ जूनला दारात उभं राहून ऐकावं लागेल. आणि मधे एकदा नळाचं पाणी बंद राहणार आहे ना, तो दिवस ठरला की त्याचा वेगळा मेसेज टाक, रस्त्याच्या मेसेजच्या पोटात ते दडवलं तर लोक वाचत नाहीत आणि मग सकाळी बादल्या घेऊन ऑफिसात येतात.

आणि यात एक फाटा ठेवावा लागतो. लाईन हलवायलाच मेचा पहिला आठवडा उजाडला तर? मग काँक्रीट टाकायची वेळ मेच्या शेवटावर जाते आणि पाऊस आधी आला की ओलं काँक्रीट धुपतं. अशा वेळी खणलेला भाग भरून, दाबून, वरून तात्पुरतं डांबर घालून रस्ता चालता करतात, ज्याला सगळे "सेफ स्टेज" म्हणतात, आणि काँक्रीट पावसाळ्यानंतर करतात. हे आधीच लिहून ठेवायचं, की अमुक तारखेपर्यंत लाईन हलली नाही तर आपण यंदा डांबरावर थांबू. तारीख आपल्या मनाने टाकू नकोस, अभियंत्याशी बोलून ठरव. आम्ही एकदा हे लिहिलं नव्हतं. जूनमध्ये डांबर पडलेलं बघून लोक म्हणाले काँक्रीटचे पैसे खाल्ले. खाल्ले नव्हते, पण ते समजावायला आम्हाला आख्खा पावसाळा गेला.

मेसेज साधारण असा होईल, तू तुझ्या पद्धतीने बदल:

"नमस्कार. आपल्या गल्लीचा उजवा अर्धा भाग ६ एप्रिलपासून थांबलाय. खणताना पाण्याची जुनी लाईन दीड फुटावर निघाली, नकाशात ती यापेक्षा खोल दाखवली होती. रस्त्याला दोन-अडीच फूट जागा लागते, त्यामुळे लाईन न हलवता काँक्रीट टाकलं तर पुढे गळती झाल्यावर नवा रस्ता फोडावा लागेल. लाईन जल खातं हलवणार आहे, २० एप्रिलपर्यंत. त्यानंतर रस्ते खातं खालचे थर आणि वरचं काँक्रीट करेल, ते ७ मेपर्यंत होईल असा अंदाज आहे. काँक्रीट पडल्यावर रस्ता तयार दिसेल पण साधारण महिनाभर बंद राहील आणि त्यावर पाणी साठवलेलं दिसेल, ते काम थांबलं म्हणून नाही, काँक्रीट पक्कं व्हायला तेवढे दिवस लागतात. गाड्या जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतील असा हिशोब आहे. ३० एप्रिलपर्यंत लाईन हलली नाही तर यंदा डांबर घालून रस्ता चालता करू आणि काँक्रीट पावसाळ्यानंतर करू. मी दर शनिवारी सकाळी १० वाजता साईटवर असेन. धूळ आणि फिरून जावं लागतंय, त्याचा त्रास होतोय याची मला कल्पना आहे."

"नकाशात यापेक्षा खोल दाखवली होती" हे वाक्य तू स्वतः नकाशा किंवा अभियंत्याचा कागद बघितला असशील तरच ठेव. ऐकीव असेल तर "अपेक्षेपेक्षा वर निघाली" पुरे. बाकी "साधारण", "अंदाज आहे" हे शब्द भित्रे वाटले तरी काढू नकोस, कारण ते जिथे आहेत तिथे खरंच अंदाज आहे आणि जिथे नाहीत (लाईन निघाली, काम थांबलं) तिथे पक्कं आहे, वाचणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो. डीएलसी, पीक्यूसी हे मी तुला समजावं म्हणून लिहिलं, मेसेजमध्ये घेऊ नकोस, "खालचे थर" आणि "वरचं काँक्रीट" एवढंच.

ताईंनी माफी मागावी का असं तू विचारलं नाहीस पण पुढे हा प्रश्न येणारच. माझं मत, चूक झाली म्हणून माफी मागू नये, त्रासाची दखल घ्यावी. "क्षमस्व" लिहिलं की लोक विचारतात नेमकं कशाबद्दल, आणि मग कुणाची चूक हा विषय आपणच उघडतो.

हो, आणि एक. काँक्रीटवर मातीचे बांध घालून पाणी साठवतात किंवा ओली गोणपाटं टाकतात ना, तेव्हा हमखास कुणीतरी फोटो टाकतं, आमच्या नळाला पाणी नाही आणि इथे रस्त्याला आंघोळ चाललीये म्हणून. ते पाणी कुठून येतं, टँकर कुठला, विहिरीचं की अजून कुठलं, हे आधीच साईटवर विचारून ठेव. उत्तर माहीत असेल तरच खाली लिही, नाहीतर ताईंना शनिवारी तिथे उभं राहून विचारू दे, लोकांच्या समोरच.