टीप नको, संख्या बारच्या नावातच लिहा

प्रश्न: आमच्या शेतकरी सर्वेक्षणात एका तालुक्याचा आकडा 100 टक्के आलाय, पण तिथले तीनच जण होते. बार ठेवू की काढू? सोबत संख्या लिहिली तर आलेख गिचमिड दिसतो असं साहेब म्हणतात.

भाऊ, दिसू द्या गिचमिड. तालुका गाळू नका, पण त्याला बारही देऊ नका. "3 पैकी 3" एवढंच लिहा.

आम्ही जळगाव जिल्ह्यात केळीवाल्यांना विचारलं होतं, ठिबकच्या नळ्या चोक होतात का. रावेरला 160 पैकी 88 जण हो म्हणाले, म्हणजे 55 टक्के. बोदवडला केळीवाले भेटले चारच, त्यातले तीन हो म्हणाले, म्हणजे 75. संख्या आलेखाखाली टिपेत होत्या. अहवाल ज्या कार्यालयात गेला (नाव नको) तिथे पानात बसेना म्हणून टीप उडवली आणि बार उतरत्या क्रमाने लावले. बोदवड सगळ्यात वर! शिबिर तिकडे गेलं, रावेरवाले बसले नळ्या झटकत. विचारलं तर म्हणे, "टक्केवारी तुमचीच ना?" अजून डोकं तापतं.

उतरत्या क्रमात लहान गट बहुतेक वेळा टोकालाच जातात, वर नाहीतर खाली. चौघांत एकाचं उत्तर फिरलं की 25 टक्के हलतात, रावेरला एक टक्काही हलत नाही. विल्सनच्या सूत्राने 95 टक्के खात्रीची मर्यादा काढली तर बोदवडचा आकडा 30 ते 95 मध्ये कुठेही असू शकतो, रावेरचा साधारण 47 ते 62 मध्ये. अर्थात, माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तरच. ओळखीतली गाठली असतील तर हे गणितही विसरा.

कितीच्या खाली दाखवू नये, यावर मतं वेगवेगळी आहेत. मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची रीत धरतो: 25 ते 49 जणांवरची टक्केवारी कंसात, 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी तारा. ही मोजणी भारांकन न केलेल्या माणसांची असते. साहेबांना त्यांचं जिल्हा पत्रक दाखवा, माझ्या शब्दापेक्षा ते चालेल.

संख्या तालुक्याच्या नावालाच जोडा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कापला तरी सहसा टिकते. एक्सेलमध्ये A2 त तालुका आणि C2 त संख्या असेल तर:

```
=A2&" ("&C2&" जण)"
```

हा रकाना आलेखाच्या अक्षाला द्या. C2 मध्ये त्या प्रश्नाला उत्तर दिलेलेच धरा, फॉर्म भरलेले सगळे नाहीत. ज्याच्याकडे ठिबकच नाही त्याला हा प्रश्न लागूच नसतो.

आणि हो, गावपातळीवर "3 पैकी 3" सुद्धा छापू नका. तिघं कोण ते गावाला लगेच कळतं.