साठ दिवसांवरून तीस दिवसांवर: जुन्या ग्राहकाकडे मागणी कशी करावी

"मॅडम, हा ग्राहक माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. साठ दिवसांऐवजी तीस दिवसांत पैसे द्या म्हटलं तर साहेब दुखावतील आणि काम दुसऱ्याला देतील. न मागावं तर बँकेची लिमिट कायम भरलेली. कसं सांगू?"

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतील छोट्या कारखानदारांकडून मी ही घालमेल वारंवार ऐकत आले आहे. त्यांपैकी एकाची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडते. हे गृहस्थ फाउंड्रीकडून कास्टिंग विकत घेऊन त्यावर मशिनिंग करतात आणि कोल्हापूरकडील एका पंप बनवणाऱ्या कंपनीला तयार भाग पुरवतात. मालक वयाने मोठे असून हे त्यांना साहेब म्हणतात; हिशेब मात्र आता त्यांचा मुलगा पाहतो.

माझी धारणा अशी आहे की भीती प्रसंगातून जन्मत नाही, ती प्रसंगाविषयीच्या आपल्या समजुतीतून जन्मते. म्हणून पत्राच्या मसुद्याकडे वळण्याआधी मी त्यांना विचारले, "तुम्ही मागितलेत तर नेमके काय मोडेल?" त्यांनी लगेच सांगितले, "वडिलांनी साठ दिवसांचा शब्द दिला होता. तो मी मोडल्यासारखं होईल."

"तो शब्द दिला तेव्हा महिन्याला किती माल जायचा?"

"दीड लाखाचा असेल."

"आणि आता?"

"सहा लाखांचा." एवढे बोलून ते थांबले, समोरचा कागद ओढून त्यांनी दोन आकडे लिहिले आणि म्हणाले, "म्हणजे वडिलांनी तीन लाख उधार ठेवायचं कबूल केलं होतं. मी बारा लाख ठेवतोय."

माझ्या मते या कामातील खरे वळण हेच होते, आणि ते त्यांनी स्वतः गाठले याचे मला समाधान आहे. अट तीच राहिली होती, पण तिचा भार चौपट झाला होता, आणि तो ग्राहकाच्या दुष्टपणामुळे नव्हे तर त्याने काम वाढवल्यामुळे वाढला होता. हे कळल्यावर मागणीतील अपराधीपणा गेला आणि तक्रारीचा सूरही गेला. 'तुमच्यामुळे आम्ही वाढलो, म्हणून जुनी अट आता पुरत नाही' हे कोणत्याही जुन्या ग्राहकाला मान खाली न घालता सांगता येते.

त्यानंतर आम्ही भार मोजला. सहा लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचे बिल ७.०८ लाख रुपयांचे होते. साठ दिवसांच्या अटीने दोन महिन्यांची बिले, म्हणजे १४.१६ लाख रुपये, बाहेर राहतात. तीस दिवसांनी निम्मे, म्हणजे ७.०८ लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिटवर वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर महिन्याला ७,०८० रुपये वाचतात. शिवाय बिलावरचा कर, कास्टिंगवर भरलेला कर वजा करून का होईना, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करावा लागतो, मग ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. फाउंड्रीनेही आता पंधरा दिवसांत पैसे मागायला सुरुवात केली होती. ही कारणे ग्राहकाला पडताळून पाहता येतात. त्यांच्या पहिल्या मसुद्यातील 'घरची अडचण आहे, कृपा करावी' ही वाक्ये मी त्यांच्याकडूनच खोडून घेतली. अडचण सांगितली की समोरचा मदत करतो किंवा घाबरून दुसरा पुरवठादार शोधू लागतो, आणि दोन्हींनी अट बदलत नाही.

बहुतेक मागण्या मात्र वेगळ्याच कारणाने फेटाळल्या जातात, आणि ते मागणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. एकदम तीस दिवस केले की एका महिन्यात जुन्या अटीचे फेब्रुवारीचे बिल आणि नव्या अटीचे मार्चचे बिल दोन्ही एप्रिलअखेर देय होतात, आणि ग्राहकाला त्या महिन्यात १४.१६ लाख द्यावे लागतात. त्याच्या हिशेबनीसाला आधी हाच खड्डा दिसतो. म्हणून आम्ही मागणी अशी मांडली की नव्या बिलांना दर महिन्याला पाच दिवस कमी करावेत, म्हणजे सहा महिन्यांत तीस दिवसांवर येता येईल. यात ग्राहकाच्या अंगावर महिन्याला सुमारे १.१८ लाखांचा जादा भार येतो, तोही सहाच महिने. जुनी बिले जुन्या अटीनेच राहतील, हे पत्रात स्पष्ट लिहिले.

कायद्याचा उल्लेख कुठे करावा, यावर आम्ही बराच वेळ घालवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांबाबतच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली की अशा उद्योगाचे मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळतात. यांची सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी होती, म्हणजे साठ दिवसांची अट मुळातच कायद्याबाहेर होती. तरीही मी हे पत्राच्या आरंभी घालू दिले नाही. जुन्या साहेबांना कायदा दाखवणे ही धमकी ठरते. त्यांच्या मुलाला मात्र तीच तरतूद त्याच्याच आयकराची सोय म्हणून पटते. म्हणून उद्यम क्रमांक बिलावर छापला आणि पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत एवढेच लिहिले: "मुदत कमी झाल्यास आपल्या कंपनीच्या आयकरातील वजावटीचा प्रश्नही उरणार नाही."

पत्र पाठवण्याआधी ते कोल्हापूरला जाऊन साहेबांना भेटले, कारण जुन्या संबंधात कागद आधी पोहोचला तर तो नोटिशीसारखा वाटतो. साहेबांनी मान हलवली; अडवले मुलाने. "तीस दिवस देतो, पण दरात दोन टक्के सोडा." या वाक्यावर भलेभले हो म्हणून येतात. सहा लाखांचे दोन टक्के म्हणजे बारा हजार, आणि वाचणारे व्याज ७,०८०. हा आकडा खिशात असल्यामुळे त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "साहेब, एक टक्क्यापर्यंत विचार करतो, त्यापुढे मला साठ दिवसच स्वस्त पडतात." शेवटी दर तोच राहिला, आणि पाच-पाच दिवसांचा क्रम मान्य झाला.

एक गोष्ट त्यांनी परत आल्यावर विचारली, ती फार जणांच्या लक्षात राहत नाही. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची की ग्राहकाच्या गेटवर माल इनवर्ड झाल्यापासून? त्यांचे साठ दिवस प्रत्यक्षात पंचाहत्तर होत होते, कारण इनवर्डची नोंद उशिरा व्हायची आणि पेमेंट महिन्यातून दोनदाच सुटायचे. तेव्हा मी त्यांना पुन्हा फोन करायला लावले, आणि नव्या परचेस ऑर्डरवर 'माल पोहोचल्याच्या तारखेपासून' असे लिहून घेतले. तोंडी होकाराने कंपनीच्या संगणकातील मुदत बदलत नाही. तिथे साठच राहिले तर हिशेब विभाग साठच दिवस मोजतो. सुधारित ऑर्डर हातात आली, त्यानंतरचे पहिले बिल पंचावन्न दिवसांच्या अटीवर गेले, आणि त्याची देय तारीख कंपनीच्या खात्यात काय दिसते हे त्यांनी हिशेबनीसाला आठवड्याभरातच विचारून घेतले.