फी आणि रजेसाठी एकच मेल: पालकांचे तीन प्रश्न

"फी यूपीआयनं भरली, स्क्रीनशॉट वर्गशिक्षिकेला व्हॉट्सअॅपवर पाठवला, तरी बाकी दाखवतात. आता मुख्याध्यापकांचं पत्र आलं की मेलच करा. फरक काय पडतो?" (अमळनेर)

मॅडमच्या मोबाईलवरचा फोटो ऑफिसात पोचतच नाही हो, मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो म्हणून सांगतो. एका पोराच्या बापानं सुरतहून मेहुण्याच्या फोनवरून ९,५०० रुपये टाकले. बँक स्टेटमेंटवर नाव आलं मेहुण्याचं, त्या आडनावाचा एकही पोरगा सातवीत नाही, मग ती रक्कम तशीच पडून राहिली आणि पोराच्या नावावर बाकी निघाली. स्क्रीनशॉट होता, पण कापलेला, खालचा नंबरच गायब! आम्ही जुळवतो त्या १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबरवरूनच, नावावरून नाही. म्हणून मेलात तो नंबर टाईप करून टाका, सोबत तारीख, रक्कम आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते. विषयाच्या ओळीत असं लिहा: फी, पोराचं पूर्ण नाव, ७ वी ब, जीआर नंबर. जीआर म्हणजे जनरल रजिस्टरचा नंबर, बहुतेक वेळा प्रगतीपुस्तकावर सापडतो. एकाच नावाची दोन पोरं एका वर्गात असतातच, तिथं हाच नंबर वाचवतो.

उत्तर आलं नाही तर नवा मेल टाकू नका, त्याच मेलला रिप्लाय करा, नाहीतर एकाच फीच्या तीन तक्रारी होतात आणि तिघं जण वेगवेगळं उत्तर देतात.

"कानबाईसाठी रविवारी गावी जातोय, सोमवारी विसर्जन करूनच परत येऊ. रजेचा मेल पोरीनं केला तर चालेल का?" (धुळे)

नाही चालणार. शाळेत प्रवेश घेताना जो मेल आयडी दिलाय त्यावरूनच पालकांनी करायचा, नाहीतर ऑफिसला कसं कळणार की मेल बापाचा आहे का पोरीचाच. तारीख लिहा, "उद्या" लिहू नका, मेल दुसऱ्या दिवशी उघडला तर उद्या कोणता? आणि पोरीला मधल्या सुट्टीतच घरी न्यायचं असेल तर मेलवर विसंबू नका, फोन करा आणि स्वतः जा.

"आम्हाला मेल जमत नाही, काय करायचं?" (रावेर)

ज्या अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअरमधून अॅप उतरवता, त्यात गुगल खातं आहेच, म्हणजे बहुतेक जीमेलही आहे. भाऊ, जीमेल उघडा, उजवीकडे वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबा, आयडी दिसेल, तो कागदावर उतरवून ऑफिसात द्या. दुकानदाराच्या आयडीवरून मेल करू नका, पावती त्याच्याकडेच जाते. आणि "शाळेचं बँक खातं बदललंय, इथं भरा" असा मेल आला तर पैसे टाकू नका, आधी तो मेल ज्या आयडीवरून आला तो मुख्याध्यापकांच्या पत्रावरच्या शाळेच्या आयडीशी अक्षर न् अक्षर जुळवा, मग शाळेच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा.