इन कॅमेरा म्हणजे कॅमेरा नाही हो, बंद दार

प्रश्न: कोर्टाच्या बातमीत "इन कॅमेरा सुनावणी" लिहितात म्हणजे काय? सुनावणीचं शूटिंग करतात का, आणि ते आपल्याला बघायला मिळतं का?

शूटिंग नाही, बरोब्बर उलट आहे. ज्यांचा केसशी संबंध नाही त्यांना बाहेर काढतात, दार लावून घेतात आणि मग सुनावणी होते. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. फोटोचा कॅमेरा फार नंतर आला आणि त्यालाही नाव "अंधारी खोली" या अर्थाच्या शब्दावरूनच मिळालं. एवढंच हवं असेल तर इथे थांबा. मला मात्र या शब्दाने एकदा चांगलाच त्रास दिलाय, त्यामुळे मी थांबणार नाहीये.

मी बरीच वर्षं एका पेपरात कोर्ट बीटवर होतो. एक खुनाची केस चालू होती, घटना डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार एकच, विशी-बाविशीचा पोरगा. पहिल्या तारखेला तो पिंजऱ्यात उभा राहिला, नाव सांगितलं, वय सांगितलं आणि पुढे आवाजच फुटेना, कारण मागचे सगळे बाक आरोपीच्या पोरांनी भरलेले. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते बसून बघत होते. बाकावर बसून बघणं हा काही गुन्हा नाही, त्यामुळे पोलीस तरी काय करणार. शेवटी सरकारी वकिलांनी लेखी अर्ज दिला की या साक्षीदाराची साक्ष इन कॅमेरा घ्यावी. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली, म्हणाले कोर्ट खुलं असतं, लोकांना बाहेर काढायचं कारण काय. दोघांचं ऐकून जजनी पानभर ऑर्डर लिहिली. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ होतं. त्यात पहिलंच वाक्य आहे की कोर्ट खुलं, मावतील तेवढ्या लोकांनी येऊन बसावं. पण त्यालाच जोडून म्हटलंय की जजना योग्य वाटलं तर कुठल्याही टप्प्यावर सगळ्या लोकांना किंवा एखाद्या ठरावीक माणसाला बाहेर ठेवता येतं. ऑर्डर फक्त या एका साक्षीदारापुरती होती, त्याची उलटतपासणी संपेपर्यंत, नंतर कोर्ट परत सगळ्यांना खुलं. बातम्यांत हे हमखास गाळतात आणि वाचणाऱ्याला वाटतं अख्खी केसच गुप्त झाली.

मी संध्याकाळी कॉपी दिली, "मुख्य साक्षीदाराची साक्ष इन कॅमेरा". सकाळी पेपर उघडतो तर हेडिंग "साक्षीदाराची साक्ष कॅमेऱ्यात टिपणार" आणि आत "साक्षीचे चित्रीकरण करण्याचे आदेश न्यायालयाने दिले". माझ्या कॉपीत असं एक अक्षर नव्हतं. डेस्कवरचे आमचे साहेब (वयाने, अनुभवाने मोठे, मी त्यांना उलट बोलायचो नाही) म्हणाले, अरे इन कॅमेरा वाचकाला कळत नाही, सोपं करून दिलं. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून "इन कॅमेरा शवविच्छेदन" गेलं होतं, तिथे खरंच व्हिडिओ काढलेला. त्यांच्या डोक्यात दोन्ही एकच.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांचा फोन, आणि आवाजावरूनच कळलं की कौतुकाला केलेला नाही. साक्षीदाराचे वडील पेपरची चौघडी करून त्यांच्याकडे गेले होते. म्हणत होते, साहेब तुम्ही म्हणालात पोराला कुणी बघणार नाही, आणि इथे तर छापलंय की व्हिडिओ काढणार, उद्या तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरेल, मग आम्ही राहायचं कुठे? तारखेला पोरगा आलाच नाही. पुकारा झाला, तीनदा झाला, कुणी नाही. आता समन्स मिळालेला साक्षीदार आला नाही की वॉरंट निघू शकतं, म्हणजे ज्याला सांभाळायला ऑर्डर झाली त्यालाच पोलिसांनी धरून आणायची पाळी. वकिलांनी कसंबसं पुढची तारीख मागून घेतली.

मधल्या दिवसांत त्यांनी एक काम केलं जे मी कधी विसरलो नाही. कोर्ट उठल्यावर त्या बापलेकांना रिकाम्या कोर्टरूममध्ये आणलं आणि दाखवलं, हा पिंजरा, इथे तू, हे दार, हे लागणार, हे मागचे बाक, यावर कुणी नसणार. पोराने वर छताकडे बोट दाखवून विचारलं की तिथे काय आहे. बंद पडलेला स्पीकर होता. वकिलांनी शिपायाला स्टूल आणायला लावलं आणि त्याला वर चढून तो स्पीकर बघू दिला.

मग तारीख. पुकारा झाला, जज म्हणाले संबंधित नसलेल्यांनी बाहेर जावं. ती पोरं उठली. मी बसूनच, म्हटलं आपण प्रेस. पट्टेवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही पण, चला." त्या दाराची कडी नीट बसायची नाही म्हणून तो बाहेरून स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसला. आत कोण राहिलं? जज, त्यांचे क्लार्क आणि टायपिस्ट, सरकारी वकील, आरोपी आणि त्याला घेऊन आलेले पोलीस, आरोपीचे वकील. हो, आरोपी आतच! लोकांना वाटतं इन कॅमेरा म्हणजे साक्षीदार एकटा जजच्या कानात सांगतो. तसं काही नसतं. आपल्याविरुद्ध काय बोललं जातंय हे ऐकायचा आणि वकिलामार्फत त्यावर प्रश्न विचारायचा आरोपीचा हक्क दार लावल्याने जात नाही, उलटतपासणी पूर्ण होते आणि या केसमध्ये तर ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. लहान मुलांच्या केसमध्ये मधे पडदा लावणं वगैरे करतात, पण ती वेगळी सोय आहे.

त्या दिवशी माझी बातमी चार ओळींची. साक्ष झाली, उलटतपासणी झाली, पुढची तारीख अमुक. साहेब परत सुरू, म्हणे जजनी दार लावलं, पेपर थोडाच बंद केला, वकिलांकडून काढ काय बोलला ते. इथे ते अर्धे बरोबर होते हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं. दार बंद करणं आणि छापायला बंदी घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७१ च्या न्यायालयाच्या अवमान कायद्यात म्हटलंय की इन कॅमेरा कामकाजाची अचूक माहिती छापली म्हणून आपोआप अवमान होत नाही. पण कोर्टाने स्पष्ट मनाई केली असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्यातच बंदी असेल, तर होतो. आणि आमच्या ऑर्डरच्या शेवटच्या ओळीत निकालापर्यंत साक्षीचा मजकूर छापू नये असं लिहिलेलं होतं. ती ओळ मी त्यांना दाखवली, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या कॉपीला हात घातला.

उलटही होतं, म्हणजे दार सताड उघडं आणि छापायला बंदी. मुंबई हायकोर्टात एका अब्रूनुकसानीच्या दाव्यात साक्षीदार म्हणाला माझी साक्ष पेपरात आली की धंद्याचं नुकसान होतं, आणि न्या. तारकुंडे यांनी तोंडी सांगितलं की हिचं वार्तांकन नको. नरेश मिरजकर नावाचे वार्ताहर आणि आणखी काही पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले, नऊ जजांसमोर केस चालली आणि १९६६ मध्ये हरले. खुलं कोर्ट हा नियम, पण न्यायासाठी गरज पडली तर ते बंद करायचा अधिकार कोर्टाला आहे, असं बहुमताने ठरलं. न्या. हिदायतुल्ला यांनी विरोधात निकाल लिहिला. मी मनाने त्यांच्या बाजूचा, पण त्या पोराचा चेहरा बघितल्यापासून पूर्वीइतक्या जोरात बोलत नाही.

आता तुम्ही बातमी वाचताना ओळखायचं कसं? पुढचा शब्द बघा. सुनावणी, साक्ष, खटला असेल तर बंद दार. शवविच्छेदन, मतमोजणी, पंचनामा असेल तर पेपरवाल्याला व्हिडिओ म्हणायचंय, तो शब्द तिथे चुकीचा आहे पण मराठी पेपरांत आता घट्ट बसलाय. "इन कॅमेरा जबाब" असेल तर मात्र वैताग आहे, कारण पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट जबाबाचं रेकॉर्डिंग खरंच करतात, तिथे आतली बातमी वाचल्याशिवाय कळणार नाही. साहेबांचं म्हणणं होतं की लोक व्हिडिओच समजतात तर अर्थ तोच झाला. नाही झाला साहेब! "बंद दाराआड सुनावणी" लिहा ना, हेडिंगमध्ये मावतं, मी मोजून बघितलंय. खुलासा आपण छापला तो सातव्या पानावर दोन ओळींचा, "अनवधानाने", आणि त्या वडिलांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही.

हां, काही गोष्टी राहिल्या. १ जुलै २०२४ पासून ३२७ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ आहे. माझी केस जजच्या मर्जीची होती, पण बलात्काराचे खटले याच कलमाखाली आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे पॉक्सोखाली इन कॅमेराच चालवायचे असतात, तिथे कुणी अर्ज करायची गरज नाही. बलात्काराच्या खटल्यातलं कामकाज कोर्टाच्या परवानगीशिवाय छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॅमिली कोर्टात नवरा-बायकोपैकी एकाने जरी मागितलं तरी कोर्टाला दार लावावं लागतं. फौजदारी खटल्याचा निकाल मात्र खुल्या कोर्टात देतात, त्या पोराची साक्ष मला शेवटी निकालपत्रातच वाचायला मिळाली.

आणि हो, मी वर छातीठोकपणे "शूटिंग नाही" म्हटलंय त्यालाही एक फाटा आहे. हल्ली साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरही घेतात आणि तीसुद्धा इन कॅमेरा असू शकते. म्हणजे समोर खराखुरा कॅमेरा, फक्त लिंक बाहेरच्या कुणाला द्यायची नाही. हे साहेबांना कळवू नका, ते रिटायर झालेत पण आमच्या जुन्या ग्रुपवर अजून आहेत.