करंट मिररच्या सूत्रातला 2 कुठून येतो?

“मॅडम, करंट मिररचं सूत्र पाठ आहे, पण ऐन परीक्षेत त्यात 1 होता की 2, तेच आठवत नाही. त्यातून सूत्राप्रमाणे आउटपुट करंट कमी यायला हवा, तर प्रॅक्टिकलला माझा जास्त आला. मला इलेक्ट्रॉनिक्स जमणारच नाही का? ब्रँच बदलू?”

ही मुलगी वडोदऱ्यातच दुसऱ्या वर्षाला शिकते. घरात मराठी, शाळा गुजराती, कॉलेजात इंग्रजी. दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर ती आईला घेऊन आली, तेव्हा आईचं मन ब्रँच बदलण्याकडे झुकलेलं होतं. मी आधी बरीच वर्षं हाच विषय शिकवत होते, म्हणून ब्रँचची चर्चा बाजूला ठेवली आणि तिला करंट मिररचं, म्हणजे एका शाखेतला करंट दुसऱ्या शाखेत तसाच उतरवणारं, सर्किट काढायला सांगितलं.

सर्किट तिने अचूक काढलं. दोन सारखे ट्रान्झिस्टर, दोन्हींचे बेस एकमेकांना जोडलेले, एमिटर जमिनीला, पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला जोडलेला. सप्लाय 10 व्होल्ट, रेझिस्टर 9.3 किलोओहम, बीटा 100. रेझिस्टरवर 10 वजा 0.7, म्हणजे 9.3 व्होल्ट पडतात, म्हणून रेफरन्स करंट 1 मिलीअँपिअर. इथपर्यंत ती न अडखळता आली.

“आता हा 1 मिलीअँपिअर जातो कुठे?”

“पहिल्या कलेक्टरमध्ये.”

“सगळा?”

तिने बेसची तार बोटाने धरून पाहिली. “नाही. थोडा बेसमध्येही जातो. आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेसही इथूनच घेतो.”

एवढंच लिहून काढायचं होतं. दोन्ही ट्रान्झिस्टरना बेस-एमिटर व्होल्टेज एकच मिळतं, म्हणून दोन्हींचे कलेक्टर करंट सारखे, आणि दोन्ही बेसना प्रत्येकी त्याचा बीटावा भाग लागतो:

```
Iref = IC + IC/β + IC/β
Iout = IC = Iref / (1 + 2/β)
```

बीटा 100 घेतला की आउटपुट 1 भागिले 1.02, म्हणजे 0.980 मिलीअँपिअर. मी तिला ताळा करायला लावला. 0.980 कलेक्टरचा, अधिक 9.8 मायक्रोअँपिअर दोनदा, बेरीज परत 1 मिलीअँपिअर. सुमारे 2 टक्क्यांची ही घट दोन्ही बेस मिळून खातात. बीटा 50 असता तर आउटपुट 0.962 वर आला असता.

प्रॅक्टिकलचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला, कारण तिथे ती चुकलेलीच नव्हती. प्रयोगात 9.1 किलोओहमचा रेझिस्टर होता आणि मीटरने बीटा साधारण 200 दाखवला होता. रेफरन्स 1.02 मिलीअँपिअर, म्हणजे सूत्राने आउटपुट 1.01 यायला हवा, तिला 1.10 मिळाला. तिने मीटर दुसऱ्या कलेक्टरपासून सरळ सप्लायला जोडला होता. त्यामुळे दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर जवळपास 10 व्होल्ट होते आणि पहिल्यावर फक्त 0.7. कलेक्टर-एमिटर व्होल्टेज वाढलं की कलेक्टर करंटही थोडा वाढतो; हा अर्ली इफेक्ट. अर्ली व्होल्टेज 100 व्होल्टच्या आसपास धरलं तर वाढ सुमारे 9 टक्के होते, आणि बीटामुळे झालेली 1 टक्क्याची घट तिच्याखाली दिसेनाशी होते.

मी तिला आउटपुटच्या वाटेतही 9.1 किलोओहम घालायला सांगितलं, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरवरही 0.8 व्होल्टच्या आसपास उरतात. करंट दोन्ही शाखांत एकाच मीटरने, आळीपाळीने मोजायचा. आणि सुटे ट्रान्झिस्टर बोटाने धरायचे नाहीत, कारण एक दुसऱ्यापेक्षा नुसता एका अंशाने गरम झाला तरी त्याचा करंट 8 टक्क्यांच्या आसपास वाढतो.

या वेळी आउटपुट 1.04 आला. तरीही जास्तच! तिने फोन केला तेव्हा आवाज पडला होता. मी म्हटलं, “आता दोन्ही ट्रान्झिस्टरच्या जागा बदल आणि परत मोज.” आकडा 0.98 वर आला. वेगवेगळे विकत घेतलेले ट्रान्झिस्टर कधीच अगदी सारखे नसतात. त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये एका मिलीव्होल्टचा फरक असला तरी करंट 4 टक्क्यांनी हलतो. जागा बदलल्या की हा फरक उलट बाजूला जातो. बीटाची घट मात्र दोन्ही वेळा खालच्याच बाजूला राहते. 1.04 आणि 0.98 यांची सरासरी काढा: 1.01. सूत्राचाच आकडा.

ब्रँचबद्दल आईने पुन्हा विचारलं, तेव्हा मी मुलीसमोर एकच प्रश्न ठेवला: कागदावरच्या त्या पहिल्या, बीटा 100 च्या मिररला एकाऐवजी तीन आउटपुट ट्रान्झिस्टर जोडले तर? तिने वहीत सूत्र शोधलं नाही. बेस मोजले, चार आले, आणि 2 च्या जागी 4 लिहून प्रत्येक आउटपुट 0.962 मिलीअँपिअर काढला. मी आईला म्हटलं, “ताई, हे सत्र इथेच पूर्ण होऊ द्या.”