कर्ज काढायच्या आधी तुझा वेग मोज

पोरी, पिशव्या शिवायच्या धंद्याला कर्ज मिळावं म्हणून केलेला तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला आणि खरं सांगू, राग आला. तुझ्यावर नाही, ज्याने तो भरून दिला त्याच्यावर. रोज ३० कापडी पिशव्या, महिन्याला २५ दिवस! हा वेग कुणाचा आहे? तूच म्हणालीस की तासभर बसलं की पाठ भरून येते, उठून आडवं व्हावं लागतं. मग दिवसाला १२ धर, महिन्याला २० दिवस धर. झाल्या २४० पिशव्या. कापड, दोरा, वीज जाऊन एका पिशवीमागे २० रुपये सुटले तर ४,८०० हातात.

आता दोन लाखाचं कर्ज बघ. दिव्यांग वित्त महामंडळाच्या स्वावलंबन योजनेत ५० हजारांपर्यंत ५ टक्के, पुढे पाच लाखांपर्यंत ६ टक्के व्याज आहे, स्वस्तच आहे, पण पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता ३,८५० च्या वर जातो. तुला उरणार किती? त्याऐवजी ५० हजार घे, तीन वर्षांत फेड, हप्ता साधारण १,५००. हे झेपतं.

पीएमईजीपी या केंद्राच्या धंदा-कर्ज योजनेची ३५ टक्के सबसिडी बघून तू हुरळलीयस. ग्रामीण भागात दिव्यांगांना मिळते ती, पण हातात नाही मिळत, तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात, आणि हप्ते तोपर्यंत भरावेच लागतात. सबसिडीसाठी कर्ज फुगवू नकोस. तुझा वेग मोज आधी!

मशीन घेताना पायपेडलवालं नको. बटणावर चालू-बंद होणारं घरगुती मशीन मिळतं, तेच बघ. आरसेटी म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं ट्रेनिंग फुकट असतं, राहणं-जेवणही, पण नाव नोंदवायच्या आधी फोन करून विचार की वर्ग तळमजल्यावर आहे का, संडासात चाकाची खुर्ची जाते का, आणि माझ्या मशीनवर शिकू द्याल का. मी लाजून विचारायची नाही, त्याची हळहळ अजून आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकून त्याच्यावरच किंमत छापू नकोस. अंध गिऱ्हाइकाचा फोन फोटोतली अक्षरं नीट वाचून दाखवेलच असं नाही. खाली टाइप कर: निळी पिशवी, १५ बाय १६ इंच, पाच किलो वजन पेलते, इतके रुपये, पोस्टाने येईल. आणि किती दिवसांत देणार तेही लिही, तुझ्या वेगाने, गिऱ्हाइकाच्या घाईने नाही. लग्नाची ५०० पिशव्यांची ऑर्डर चार दिवसांत मागतील, सरळ नाही म्हण. मला लोक म्हणतात तुमचा धंदा वाढलाच नाही. नसेल वाढला, पण माझा एकही हप्ता चुकला नाही आणि पाठ अजून शाबूत आहे, मी ह्यालाच धंदा म्हणते.

तर शेजारणीचं मशीन आठवडाभर माग. दुखलं त्या दिवशीचाही आकडा वहीत लिही, तो लपवू नकोस. मग वही मला पाठव, त्याच्यावरून नवा रिपोर्ट आपण दोघी बसून करू, महामंडळाच्या जिल्हा ऑफिसात यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र घेऊन त्यानंतर जा.